आजोबांचा ज, आजीचा ज आणि इंग्रजीतला ज़

प्रश्न: इंग्रजीत 'ज़ीरो' म्हणायला जातो तर 'जीरो' निघतं, 'ईज़ी'चं 'ईजी' होतं, आणि घाईत बोललं की 'सीट'ची 'शीट' होते. 'ज़ू' मात्र लोकांना बरोबर कळतं. 'जहाज'मधला ज आपल्याला लहानपणापासून येतो, मग अडतं कुठे? आणि दुसरा बोलत असताना नुसतं ऐकून हे फरक ओळखायचे कसे?

उत्तर:

'ज़ू' जमतं आणि 'ज़ीरो' जमत नाही, यातच सगळं आलं. दोन्हींची सुरुवात एकाच ध्वनीने होते, बदलतो तो फक्त पुढचा स्वर. म्हणजे तुमच्या जिभेला ज़ अवघड जात नाही, 'ई'च्या आधीचा ज़ अवघड जातो. त्याचं कारण मराठीच्या सवयीत आहे आणि सरावही त्या सवयीवरच करायला हवा. ज़ चे शंभर शब्द घोकून ती सुटत नाही.

एकदा 'आजोबा' म्हणा आणि लगेच 'आजी' म्हणा. जिभेकडे लक्ष द्या. 'आजोबा'त जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे टेकतं आणि घासत सुटतं. 'आजी'त टोक मागे राहतं, जिभेचा मधला भाग वर जाऊन टाळूला टेकतो. लिहिताना अक्षर एकच, पण ध्वनी दोन. व्याकरणात पहिल्याला दंततालव्य आणि दुसऱ्याला तालव्य म्हणतात. इथे मी त्यांना आजोबांचा ज आणि आजीचा ज म्हणतो, म्हणजे कोणता कोणता हे लक्षात राहील. इंग्रजीतल्या झेडच्या ध्वनीसाठी नुक्ता देऊन ज़ लिहितो.

आता 'माझा, माझी, माझ्या' आणि 'त्याचा, त्याची, त्याच्या' म्हणून पाहा. 'आ' पुढे असला की जीभ दातांकडे, 'ई', 'ए' किंवा 'य' पुढे असला की टाळूकडे. आपण हे ठरवून करत नाही, स्वर येताना दिसला की जीभ आपोआप जागा बदलते. अ, आ, ऊ, ओ यांच्या आधी मराठीत दोन्ही ज येऊ शकतात: 'जरा थांब' मधला जरा आजोबांच्या ज चा, म्हातारपण या अर्थाचा जरा आजीच्या ज चा. पण ई आणि ए यांच्या आधी आजोबांच्या ज ला जागाच नाही. तिथे फक्त आजीचा ज येतो: जीभ, जेवण, जिरे, जेमतेम. त्यामुळे 'ज़ीरो'तला ज़ 'ई'जवळ पोचेपर्यंत आजीचा ज झालेला असतो. कानाचंही तसंच. 'जी' आणि 'ज़ी' यांत निवड करण्याची वेळ मराठी कानावर कधी आलेलीच नसते, म्हणून तो दोन्हींना एकच समजतो.

स आणि श यांच्यातही हाच ओढा आहे. घसा, पण घशात. पैसा, पण पैशाला. म्हैस, पण म्हशी. 'घशात' आणि 'पैशाला' यांत पुढे 'आ' दिसतो खरा, पण मध्ये एक य होता, जुन्या छापील मजकुरात 'घश्यात', 'पैश्याला' असं लिहिलेलंही दिसतं. त्या य ने स ला टाळूकडे ओढलं आणि मग तो स्वतः विरला. 'सिमेंट'चं 'शिमेंट', 'सिनेमा'चा 'शिनेमा', 'सिगारेट'ची 'शिगरेट' ही बोलीतली रूपं याच वाटेने झाली आहेत, त्यात बोलणाऱ्याचा निष्काळजीपणा नाही. फरक एवढाच की स च्या बाबतीत हा नियम सैल झाला आहे. सीमा, सीता, सेवा, सिद्ध हे शब्द आपण स ने म्हणतो, म्हणजे 'ई'च्या आधीचा स तोंडाला माहीत आहे. ज़ ला असा एकही मदतीचा शब्द मराठीत नाही. म्हणून सीट-शीटचा प्रश्न लवकर सुटतो आणि ज़ीरो-जीरोला जास्त वेळ द्यावा लागतो. सरावाचा वेळ त्याच प्रमाणात वाटा.

पहिलं काम: टेकलेली जीभ सोडवणं

'ज़ू' लोकांना कळतं हे बरोबर, पण तिथेही बहुतेक मराठी तोंडातून ज़ निघत नाही, आजोबांचा ज निघतो. तो ज़ च्या इतका जवळ आहे की शब्दाच्या सुरुवातीला ऐकणारा तो खपवून घेतो. शब्दाच्या शेवटी मात्र घोटाळा होतो, कारण इंग्रजीत आजोबांच्या ज सारखा ध्वनी आधीच आहे. शेवटी ड असलेल्या शब्दाचं अनेकवचन केलं की तो तयार होतो: रोड्ज़ (रस्ते), साइड्ज़ (बाजू), कार्ड्ज़ (पत्ते). आता मराठीतला 'रोज' हा शब्द सावकाश, शेवट ठासून म्हणा, 'रोज येतो' मधला. जीभ शेवटी दातांमागे टेकली ना? हाच उच्चार तुम्ही इंग्रजीत गुलाबासाठी केलात, तर ऐकणाऱ्याला गुलाबाऐवजी रस्ते ऐकू येण्याची शक्यता आहे. माप या अर्थाचं 'साइज़' बाजू होऊन बसतं आणि गाड्यांचं 'कार्ज़' पत्ते होऊन बसतं. म्हणून टेकणारा आणि न टेकणारा यांतला फरक आधी पक्का करावा.

आपल्याकडे स अगदी चांगला आहे, त्यातूनच ज़ काढायचा. आरशासमोर बसा. दोन बोटं कंठाच्या उंचवट्यावर ठेवा. 'स्‌स्‌स्‌' असा तीन सेकंद सलग आवाज काढा. बोटांना काही जाणवणार नाही. जीभ, जबडा, ओठ काहीही न हलवता आता गळ्यातून आवाज सुरू करा, जसा मिटल्या ओठांनी गुणगुणताना करता. बोटांखाली थरथर सुरू होईल आणि 'स्‌स्‌स्‌'चं 'ज़्‌ज़्‌ज़्‌' होईल, भुंग्यासारखं. मग एकाच श्वासात आवाज बंद, सुरू, बंद, सुरू: स्‌स्‌ ज़्‌ज़्‌ स्‌स्‌ ज़्‌ज़्‌. हे करताना आरशात जबडा किंचितही हलताना दिसला, तर जीभ मध्येच टेकते आहे असं समजा.

पारख एकच आहे, आणि ती कधी चुकत नाही: ध्वनी अगदी सुरुवातीपासून ओढता येतो का? ज़ पहिल्या क्षणापासून तीन सेकंद ताणता येतो. आजोबांचा ज ताणायला गेलात तर आधी वाट अडते, मग एक बारीकसा 'द' सुटतो आणि त्यानंतरच घासण्याचा आवाज सुरू होतो. तो सुरुवातीचा द ऐकू आला की जीभ टेकली होती.

यात तीन चुका हमखास होतात. ताणता ताणता आवाज बंद पडतो आणि ज़ चा स होतो. बोटांखालची थरथर थांबली की ते कळतं, अशा वेळी श्वास कमी जोराने सोडायचा, कारण हवेचा जोर जास्त असला की स्वरतंतू कंप पावायचं सोडून देतात. दुसरी चूक म्हणजे टेकणं टाळायच्या नादात जिभेचं टोक दातांच्या फटीत येतं आणि आवाज बोबडा होतो. आरशात जीभ दिसू लागली की टोक थोडं मागे घ्या. तिसरी चूक शब्दाच्या शेवटी होते. 'रोज़' म्हटल्यावर मागे एक छोटा 'अ' लागतो आणि ते 'रोज़अ' होतं. त्यासाठी शेवटचा ज़ हळूहळू विझवत न्यायचा, तोडायचा नाही.

खरं तर न टेकणारा ज़ तुमच्या तोंडात आधीपासून आहे. 'आजोबा', 'बाजू', 'दरवाजा' हे शब्द भरभर बोलताना पुष्कळ मराठी माणसांची जीभ दोन स्वरांच्या मध्ये पूर्ण टेकतच नाही, नुसती जवळून घासून जाते. 'बाजू' पाच वेळा वेग वाढवत म्हणा आणि पाचव्या वेळेला मधला ज पकडून ताणा. ताणला गेला, तर तोच ज़.

दुसरं काम: स्वराची गाठ सोडवणं

मुख्य मेहनत इथे आहे. एक शिडी करा: ज़ू, ज़ो, ज़ा, ज़ॅ, ज़े, ज़ी. प्रत्येक पायरीवर ज़ दोन सेकंद ताणा, मग स्वर. पहिल्या तीन पायऱ्या सहज होतील. 'ज़ॅ'वर जीभ अस्वस्थ होईल आणि 'ज़े' किंवा 'ज़ी'वर उडी मारून आजीच्या ज वर जाईल. उडी नेमकी कुठे बसते ते लिहून ठेवा, कारण सराव त्याच पायरीवर करायचा आहे.

उडी का बसते? 'ई'साठी जिभेचा मधला भाग टाळूजवळ जावाच लागतो. मराठी जीभ 'ई' येणार हे ओळखून ही हालचाल आधीच, म्हणजे व्यंजनातच सुरू करते. त्यामुळे टोक खाली सुटतं आणि टाळूशी गाठ पडते. आपल्याला ही हालचाल थोडी उशिरा करायला शिकवायची आहे: टोक दातांमागे राहू दे, ज़ संपू दे, मगच मधला भाग वर जाऊ दे.

यासाठी ज़ ने सुरू होणारा शब्द घेऊ नका. ज़ ने संपणारा घ्या. तुमचंच 'ईज़ी' हे उदाहरण पायरीपायरीने करून पाहू.

'ईज़' म्हणा, ज़ ताणून. इथे ज़ नंतर काहीच नाही, त्यामुळे जिभेला ओढणारा स्वरही नाही. हा उच्चार वीस वेळा स्वच्छ झाला की पुढे जायचं. आता 'ईज़', मग एक सेकंद पूर्ण शांतता, मग वेगळा 'ई': ईज़ … ई. शांततेत जीभ सुट्टीवर असते, त्यामुळे दोन्ही तुकडे बरोबर येतात. मग शांतता अर्ध्या सेकंदावर आणा. मग नावापुरती ठेवा. मग शांतता काढून टाका, पण ज़ ताणलेलाच ठेवा: ईज़्‌ज़्‌ज़्‌ई. या टप्प्यावर अनेकांचा ज़ शेवटच्या क्षणी टाळूकडे घसरतो आणि 'ईज़्‌ज्‌ई' असं काहीतरी ऐकू येतं. तसं झालं तर एक पायरी मागे जा, पुढे रेटू नका. घसरलेला उच्चार वारंवार केला की तोच पक्का होतो. ताणलेला ज़ साफ आला की ताण दोन सेकंदांवरून एकावर, मग अर्ध्यावर आणा. शेवटी 'ईज़ी' साध्या वेगात म्हणा.

असंच 'बिज़'वरून 'बिज़ी', 'क्रेज़'वरून 'क्रेज़ी', 'रेज़'वरून 'रेज़िंग'. त्यानंतर दोन शब्दांच्या सांध्यावर या: 'इज़ इट', 'वॉज़ इट', 'हॅज़ एनी'. ज़ पहिल्या शब्दाचा आहे असं मन मानतं म्हणून जीभ तो सांभाळते, पण प्रत्यक्षात त्याच्या पुढे ई किंवा ए उभा असतोच. सगळ्यात शेवटी ज़ ने सुरू होणारे शब्द घ्या: ज़ीरो, ज़िप, ज़ेब्रा, ज़िंक. शिकवताना बहुतेक ठिकाणी सुरुवातच या शब्दांनी करतात, म्हणजे सगळ्यात अवघड पायरी आधी. विद्यार्थी तिथेच दमतो आणि 'मला ज़ येतच नाही' असं समजून बसतो.

स साठी शिडी तीच: सू, सो, सा, से, सी. पण इथे 'सीमा'चा आधार आहे. 'सीमा, सीमा, सी—, सीट' असं एका दमात म्हणा. 'सीता' आणि 'शीतल' ही नावं आलटून पालटून म्हणताना जीभ पुढेमागे कशी जाते ते पाहा. मग तोच फरक 'सीट' (बसण्याची जागा) आणि 'शीट' (कागद) यांत, 'सिप' आणि 'शिप' यांत, 'सेल' आणि 'शेल' यांत आणा. बोलीत याच्या उलट सवय असलेलेही आहेत, शाळेला साळा आणि शेताला सेत म्हणणारे. त्यांनी शिडी श ची करायची: शा, शो, शू यांवर जास्त वेळ द्यायचा.

ओठ विसरू नका. मराठी श म्हणताना ओठ सैल असतात, इंग्रजी श म्हणताना ते पुढे येऊन थोडे गोल होतात. आपला सैल ओठांचा श बारीक वाजतो आणि इंग्रजी कानाला तो स आणि श यांच्या मधला वाटू शकतो. ओठ पुढे काढले की आवाज जाड होतो आणि शंका राहत नाही. म्हणून आरशात 'सीट'ला ओठ हसल्यासारखे ताणलेले दिसले पाहिजेत आणि 'शीट'ला पुढे आलेले. इंग्रजी 'जे' अक्षराच्या ध्वनीलाही ओठ असेच पुढे येतात, ज़ ला येत नाहीत. 'ज़ेलस' (उत्साहाने पेटलेला) आणि 'जेलस' (मत्सरी) आरशासमोर म्हणा. दोन्हींना ओठ सारखेच दिसत असतील तर उच्चारही सारखाच होतो आहे.

कानाचं काम

ऐकताना शब्दाचा अर्थ बाजूला ठेवून फक्त आवाजाची जात ओळखायची. तीन गोष्टी ऐकायच्या.

स आणि श यांत आवाजाची पट्टी. स उंच, शीळ घातल्यासारखा बारीक. श खालच्या पट्टीतला, कोणाला गप्प करताना 'शूऽ' करतो तसा. मापायचं तर स चा जोर साधारण 4000 हर्ट्झच्या वर असतो आणि श चा 2500 हर्ट्झच्या आसपास सुरू होतो. माणसागणिक हे आकडे सरकतात, पण एकाच माणसाचा स त्याच्या श पेक्षा नेहमी उंच असतो. जुन्या पद्धतीच्या फोनवर 3400 हर्ट्झच्या वरचा आवाज पोचतच नाही, म्हणजे स चा मुख्य भागच गळून पडतो. फोनवर स-श चा गोंधळ होत असेल तर तो सगळा तुमच्या कानाचा दोष नाही, आणि सरावासाठी फोनवरचं बोलणं घेऊ नये.

जे आणि झेड यांत सुरुवात कशी होते ते ऐका. 'जे'ला आधी अडथळा आणि मग सुटका, दार उघडल्यासारखी. ज़ ला दार नाहीच, आवाज सरळ वाहत येतो. अमेरिकन माणूस झेडला 'ज़ी' म्हणतो, तेव्हा तो जी अक्षर सांगतो आहे की झेड, हे याच खुणेवरून ओळखायचं. तुम्ही स्वतः अक्षरं सांगत असाल तर सरळ 'ज़ेड' म्हणा, घोळच नको.

शब्दाच्या शेवटी मात्र स्वराची लांबी ऐकायची. ही गोष्ट फार थोडे शिकवतात. इंग्रजीत शब्दाच्या शेवटचा ज़ पुष्कळदा इतका दबका असतो की गळ्याची थरथर जवळजवळ नसते. मग 'प्राइस' (किंमत) आणि 'प्राइज़' (बक्षीस), 'राइस' आणि 'राइज़', 'बस' आणि 'बज़' हे ऐकणारा वेगळे कसे करतो? आधीच्या स्वरावरून. ज़ च्या आधी स्वर लांब, स च्या आधी आखूड. 'बज़'मधला अ रेंगाळतो, 'बस'मधला तुटतो. बोलतानाही याचा उपयोग करा. शेवटचा ज़ जोर लावून वाजवण्यापेक्षा आधीचा स्वर लांबवा, उच्चार जास्त खरा वाटेल. मराठीत व्यंजन पाहून स्वर असा लांबवण्याची सवय नाही, म्हणून हे मुद्दाम करावं लागतं.

कानाला सराव असा द्या. दहा जोड्या निवडा: ज़ेलस-जेलस, रेज़िंग-रेजिंग, ज़ेस्ट-जेस्ट, साइज़-साइड्ज़, रोज़-रोड्ज़, प्राइस-प्राइज़, सीट-शीट, सिप-शिप, सेल-शेल, सेव्ह-शेव्ह. बोलक्या शब्दकोशातून त्यांचे आवाज घ्या, आणि शक्यतो तीन-चार वेगवेगळ्या माणसांचे, स्त्री आणि पुरुष दोन्ही. कोणाकडून तरी वीस आवाज उलटसुलट क्रमाने लावून घ्या, तुम्ही फक्त कोणता ते लिहा आणि प्रत्येक उत्तरानंतर बरोबर की चूक ते लगेच कळू द्या. रोज दहा मिनिटं पुरतात. वीसपैकी अठरा बरोबर येऊ लागले की ती जोडी सोडून नवी घ्या. एकाच माणसाच्या आवाजावर सराव केला तर कान त्या माणसाला ओळखायला शिकतो, ध्वनीला नाही. जपानी माणसांना इंग्रजीतले र आणि ल वेगळे ऐकायला शिकवण्याचा एक प्रयोग अमेरिकेत झाला, तो 1991 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही अनेकांचे आवाज ऐकवण्यावर भर होता.

आपलं बोलणं डोळ्यांनी तपासणं

स्वतःचा उच्चार ऐकून पटत नसेल तर आवाजाचं चित्र दाखवणारं Praat हे मोफत सॉफ्टवेअर वापरा. 44100 हर्ट्झवर 'साइज़' आणि 'साइड्ज़' रेकॉर्ड करा, खोली शांत हवी. चित्र उघडलं की आधी `Spectrogram settings...` मध्ये जाऊन `View range (Hz)` चा वरचा आकडा 5000 वरून 10000 करा. ही पायरी चुकली तर स चा बराच भाग चित्राबाहेर राहतो, आणि स व श सारखेच दिसतात असा गैरसमज होतो.

आता शब्दाच्या शेवटाकडे पाहा. 'साइड्ज़'मध्ये स्वर संपल्यावर एक जवळजवळ पांढरी उभी पट्टी दिसेल. सावकाश, सुट्या उच्चारात ती साधारण 50 मिलिसेकंदांच्या आसपास असते. त्या वेळात जीभ टेकलेली असते आणि हवा बंद. पट्टीनंतर वरच्या भागात काळपट गोंगाट सुरू होतो. 'साइज़'मध्ये ती पट्टी नकोच, स्वरातून थेट गोंगाट यायला हवा. तुमच्या 'साइज़'मध्ये पट्टी दिसली तर आजोबांचा ज निघतो आहे, कानाला काहीही वाटो. 'सीट' आणि 'शीट' शेजारी ठेवून गोंगाटाची खालची कड पाहा: 'शीट'ची कड बरीच खाली उतरलेली दिसली पाहिजे. दोन्ही कडा एकाच उंचीवर असतील तर ओठ आणि जीभ दोन्ही तिथल्या तिथेच आहेत.

लिपी कुठे चकवते

मराठीत झेडसाठी झ लिहायची रीत आहे: झेड, झूम, झेरॉक्स, क्विझ. वाचायला ती सोयीची आहे, पण सरावाची यादी अशी लिहू नका. झ मध्ये टेकणारी जीभही आहे आणि वर ह चा श्वासही, आणि 'झे' लिहिलं की डोळ्यांसमोर 'झेंडा' येतो, म्हणजे आजीच्या ज चा भाऊ. यादीत ज़ लिहा.

इंग्रजी लिपीची फसवणूक याहून मोठी. रोजच्या इंग्रजीत ज़ चा ध्वनी बहुतेक वेळा एस अक्षराने लिहिलेला असतो: इज़, वॉज़, हॅज़, बिकॉज़, म्यूज़िक, रीज़न, विज़िट, रिज़ल्ट. मराठी माणूस एस दिसला की स म्हणतो, 'म्यूसिक', 'इस'. झेडचे शब्द घोटून ज़ सुधारला तरी हे शब्द तसेच राहतात. अनेकवचनाचा नियम मात्र सोपा आहे. शब्दाचा शेवटचा ध्वनी गळ्यातून कंप पावणारा असेल, म्हणजे स्वर किंवा ग, ड, ब, न, ल असे, तर शेवटी ज़: बॅग्ज़, कार्ज़. क, ट, प, फ असा असेल तर स: बुक्स, कॅट्स. आणि स, ज़, श, च, ज यांवर संपणारा असेल तर 'इज़': बसिज़, वॉचिज़, जजिज़. हा 'जजिज़' सरावाला फार चांगला आहे. त्यात दोनदा ओठ पुढे येणारा जे आणि शेवटी ताणता येणारा ज़ आहे. तिन्ही ध्वनी सारखे ऐकू येत असतील तर अजून पहिल्याच कामावर परत जायचं.

ज़ जमू लागला की काही दिवस उलटी चूक होते. 'प्रोजेक्ट'चं 'प्रोज़ेक्ट', 'मेजर'चं 'मेज़र', 'इंजिन'चं 'इंज़िन'. जीभ नवीन सवय जिथे तिथे वापरून पाहते. म्हणून सरावाच्या यादीत चौथा भाग जे चे शब्द असावेत आणि ते ज़ च्या शब्दांत मिसळूनच म्हणावेत: 'ईज़ी प्रोजेक्ट', 'बिज़ी मॅनेजर', 'ज़ीरो बजेट'. अशा जोडीत एक तरी चुकलं की लगेच कळतं.

हिंदी बोलताना हेच दोन्ही बाजूंनी होतं. 'ज़िंदगी'चं आपण 'जिंदगी' करतो, कारण पुढे इ आहे. 'ज़मीन' आणि 'हज़ार' आजोबांच्या ज ने म्हणतो, ते खपून जातं. पण 'जाना', 'जब', 'जो' यांत हिंदीला आजीचा ज हवा असतो आणि आपण 'जाणे' आणि 'जो' यांच्या सवयीने आजोबांचा लावतो. मराठी माणसाची हिंदी पहिल्या वाक्याला ओळखू येते ती पुष्कळदा यावरून. तिथे शिडी उलट चालवायची: 'जी, जे' पासून सुरू करून जीभ टाळूजवळच ठेवत 'जा, जो, जू' पर्यंत उतरायचं.